हा नंबर मल्लिनाथचा नाही

"गेल्या आठवड्यात एका दिवसात चार वेळा एकाच नंबरवरून फोन आला. दर वेळी तीच म्हातारी बाई, 'मल्लिनाथ हाय का ओ?' बोलण्याला कानडी हेल. पहिल्यांदा मी 'नाही' म्हटलं. नंतर दोनदा 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. चौथ्या वेळी वह्या तपासत बसले होते, तेव्हा 'परत फोन केलात तर पोलिसांत देईन' असं ओरडले. पलीकडून 'पोरगं फोन उचलंना, बाई' एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद. हा नंबर सात वर्षांपासून माझाच आहे. आमचे हे म्हणतात, सगळे फसवणुकीचे धंदे, सरळ ब्लॉक कर. पण मला चुटपुट लागून राहिली आहे. अनोळखी माणसाशी नीट बोलायचं तर किती बोलायचं, आणि कुठे थांबायचं?"
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

ताई, तुम्हाला तुमचं चौथं उत्तर टोचतंय. पण घोळ झाला तो पहिल्याच उत्तरात, आणि तो रागामुळे झालेला नाही.

'मल्लिनाथ आहे का?' याला 'नाही' म्हटलं की ऐकणाऱ्याला काय कळतं? मल्लिनाथ बाहेर गेलाय. कामावर असेल, येईल तासाभरात. म्हणजे तासाभराने पुन्हा फोन करायचा. आजींनी तेच केलं. मग तुम्ही 'राँग नंबर' म्हणालात. तुमच्या दृष्टीने विषय संपला, त्यांच्या दृष्टीने नाही. हा शब्द आपल्याकडे रुळला तो लँडलाइनच्या काळात. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये नंबर बरोबर फिरवला तरी कॉल भलतीकडे लागू शकायचा, कधी दोन लायनी एकमेकींत गुंतायच्या. तेव्हा 'राँग नंबर' याचा व्यवहारातला अर्थ 'ठेवा आणि पुन्हा लावा' असाच होता, आणि पुन्हा लावल्यावर बरेचदा योग्य घरी लागायचाही. मोबाइलवर तसं सहसा होत नाही. जो नंबर दाबला तोच लागतो. चूक असलीच तर ती दाबणाऱ्या बोटात असते, नाहीतर ज्या कागदावरून किंवा ज्या साठवलेल्या नावावरून फोन लावला त्यात. आजींच्या फोनात 'मल्लिनाथ' या नावाखाली तुमचाच नंबर साठवलेला असेल, तर त्यांनी हिरवं बटण शंभर वेळा दाबलं तरी शंभर वेळा तुम्हीच उचलणार. हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

म्हणून 'किती गोड बोलायचं' हा प्रश्न जरा बाजूला ठेवू या. चुकून आलेल्या फोनवर सभ्यता म्हणजे समोरच्याला एक गोष्ट समजावून देणं: पुन्हा हाच नंबर लावून उपयोग आहे की नाही. ते कळलं की तो माणूस स्वतःहून थांबतो. तीसएक सेकंदांचं काम आहे, आणि त्यात तुमच्याबद्दल एक अक्षरही सांगावं लागत नाही.

सुरुवात 'हॅलो'पासूनच करू. आपल्याकडे फोन उचलला की सवयीने 'कोण बोलतंय?' असं विचारलं जातं. पलीकडचा म्हणतो, 'तुम्ही कोण बोलताय?' मग दोघंही एकमेकांची नावं काढून घेण्याच्या मागे लागतात. त्याऐवजी 'हॅलो, कोण पाहिजे आपल्याला?' असं विचारून पाहा. या एका प्रश्नाने पलीकडच्याला ज्याच्यासाठी फोन केला त्याचं नाव घ्यावं लागतं, आणि फोन चुकीचा आहे हे पहिल्याच वाक्यात उघड होतं. तुमचं नाव, गाव, घरात कोण आहे, यातलं काहीच बाहेर पडत नाही. नंबर अनोळखी असेल तेव्हा 'हॅलो, मी अमुक बोलतेय' असं आपण होऊन सांगायची गरज नाही. ते बँकेच्या काउंटरवर ठीक.

नाव ऐकल्यावर क्षणभर थांबा. आवाज पोचायला थोडा वेळ लागतो, आणि म्हातारी माणसं बहुधा नावापाठोपाठ आणखी काही सांगत असतात. मध्येच तोडलंत तर त्यांना तुमचं वाक्य ऐकूच जात नाही, ती आपलंच पुढे बोलत राहतात. मग म्हणा, 'आजी, हा नंबर मल्लिनाथचा नाही. हा दुसऱ्याचा नंबर आहे.' 'मल्लिनाथ नाही' आणि 'हा नंबर मल्लिनाथचा नाही' यांत दोनच शब्दांचा फरक आहे, पण पहिल्या वाक्यात माणूस बाहेर गेलेला असतो आणि दुसऱ्यात तो तिथे कधी नव्हताच.

आपल्या सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. अक्कलकोटच्या बाजूचा फोन असेल तर घरची भाषा कानडी असू शकते, पूर्व भागातल्या पद्मशाली घरातला असेल तर तेलुगू. मराठी समजत असली तरी घाईत, काळजीत असलेल्या माणसाच्या कानाला आपली भाषा लवकर लागते. 'इदु मल्लिनाथ नंबर अल्ल' हे कानडीत, आणि 'इदि मल्लिनाथ नंबर कादु' हे तेलुगूत. एवढी दोन वाक्यं पाठ करून ठेवायला हरकत नाही. उच्चार थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो.

आता खरं काम. 'तुम्ही कोणता नंबर लावलाय, एकेक आकडा वाचून दाखवता का?' असं विचारा. आपला नंबर आपण सांगायचा नाही, त्यांना वाचू द्यायचा. याने दोन गोष्टी होतात. तुमच्याबद्दल काही काढून घेण्यासाठीच कोणी फोन केला असेल, तर त्याच्या हाती काही लागत नाही. आणि चूक नेमकी कुठे आहे ते कळतं. वाचलेला नंबर तुमचा नसेल, तर बोट घसरलं होतं. 'तुमचा नंबर बरोबर असेल, दाबताना चुकला, सावकाश परत लावा' एवढं म्हटलं की झालं. वाचलेला नंबर तुमचाच निघाला, तर मात्र पुढचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं: 'तुम्ही लावलेला हाच नंबर आहे, पण माणूस दुसरा आहे. परत लावला तरी मलाच लागेल.' तुमच्या चार फोनांपैकी पहिल्याच फोनवर हे वाक्य आलं असतं, तर बाकीचे तीन बहुधा आलेच नसते.

'एकेक आकडा' यावर मी अडून बसतोय, त्याला कारण आहे. आपण मोबाइल नंबर जोड्यांनी सांगतो, आणि मराठीत जोडीतला एककाचा आकडा आधी उच्चारतात. 'सत्तावीस' ऐकताना आधी सात कानावर पडतो, मग वीस. कानडीत मात्र 'इप्पत्तेळु' आणि तेलुगूत 'इरवै एडु', म्हणजे वीस आधी, सात मागून. अशा घरात वाढलेला माणूस मराठीतला 'सत्तावीस' ऐकून, कानावर पडेल त्या क्रमाने, 72 लिहून मोकळा होतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'ऐवजी 'वीस सात' असं वाचायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते शिक्षक म्हणून तुम्हाला आठवत असेल. वर्गात काय शिकवायचं तो वाद वेगळा. फोन नंबर सांगताना मात्र 'दोन, सात' यासारखं सोपं काही नाही.

'एकोण'वाले आकडेही तसेच दगा देतात. 'एकोणसत्तर' ऐकताना कानात 'सत्तर' राहतं, मागे एक नऊ आहे एवढं आठवतं, आणि कागदावर 69 ऐवजी 79 उमटतात. शिवाय चिठ्ठीवर देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांची सरमिसळ असते. नातवाला देवनागरी १ हा 9 वाटतो आणि ४ हा 8 वाटतो. तुमच्याकडे चुकून येणाऱ्या फोनांत बरेचसे असल्याच चुकांतून येत असतात.

आता तुमच्या आजींचाच फोन पुढे नेऊन बघू. समजा त्यांना तुम्ही नंबर वाचायला सांगितला आणि त्या म्हणाल्या, 'मला वाचाया येत न्हाई ओ, पोरानं फोनात घालून दिलंय.' इथेच बहुतेक जण हात टेकतात. तुम्ही म्हणा, 'घरात कोणी वाचणारं आहे का? त्यांच्याकडे द्या.' नातू आला. त्याने एकेक आकडा वाचला, तो तुमचाच नंबर निघाला. त्याला विचारा, 'हा नंबर फोनात कुठून बघून टाकला? कागद आहे का?' कागद असतो, बहुधा कॅलेंडरच्या मागे लिहिलेला. कागदावरचे आणि फोनातले आकडे तो जुळवून पाहील. जुळले नाहीत तर टाकताना चूक झाली, तो लगेच दुरुस्त करेल. जुळले, म्हणजे कागदच चुकीचा. मग शेवटचा प्रश्न: 'हा नंबर तुम्हाला कोणी सांगितला?' समजा, मामाने. 'मग मामाकडून परत घ्या, आणि जोड्यांनी घेऊ नका, एकेक आकडा विचारा. आणि हा जुना नंबर फोनातून काढून टाका, नाहीतर आजी पुन्हा तोच दाबतील.' संपलं.

यात एक मोह टाळा. '72 च्या जागी 27 असेल बघा, लावून पाहा' असं सुचवावंसं वाटेल, कारण तुम्हाला आता कारण कळलंय. सुचवू नका. अंदाज चुकला तर आजींचा फोन कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाला जाईल. आकडे कुठे उलटे झाले असतील ते मामालाच कळेल. तसंच, मल्लिनाथ कोण, कुठे कामाला, घरी काय झालंय, हेही तुम्ही विचारू नका. त्या आपण होऊन सांगत असतील तर एखादं वाक्य ऐकून घ्या. कोणी अत्यवस्थ आहे असं कळलं, तर 'मल्लिनाथची वाट बघू नका, रुग्णवाहिकेसाठी 108 लावा' एवढं सांगणं तुमच्या हातात आहे.

फोन ठेवण्याची रीतही सांगतो. 'राँग नंबर' म्हणताम्हणताच कट केला की पलीकडे तो आवाज तुटल्यासारखा ऐकू येतो, आणि रेंज गेली असेल असं समजून माणूस परत लावतो. 'बरं आजी, ठेवते हं,' असं म्हणा, त्यांचं 'बरं बरं' येईपर्यंत थांबा, मग ठेवा. त्या 'बरं'मध्ये त्यांना समजल्याची पोचही मिळते. ती मिळाली नाही तर एकदा पुन्हा सांगा, त्याच शब्दांत. शब्द बदलले की ऐकणाऱ्याला नवीन काही सांगताय असं वाटतं.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते चुकीचं नाही, फक्त घाईचं आहे. खरोखर चुकून फोन केलेल्या माणसाला तुमच्याकडून काहीच नको असतं. मल्लिनाथ इथे नाही हे कळलं की त्याचा तुमच्यातला रस संपतो. ज्याचा रस तिथून पुढे सुरू होतो, त्याच्यापासून सावध राहायचं. 'बरं, मग तुम्ही कोण? कुठून बोलता?', 'आवाज ओळखीचा वाटतोय', 'चुकून तुमच्या खात्यात पैसे गेलेत, परत पाठवा', 'चुकून तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा', 'कुरिअर अडकलंय, हा कोड डायल करा'. यातलं एकही वाक्य ऐकलं की निरोपाचं 'बरं' वगैरे विसरायचं आणि फोन ठेवायचा. तिथे उद्धटपणा होत नाही.

कोडचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात बोलणाऱ्याने काही मागितल्यासारखं वाटतच नाही. *401* आणि पुढे दहा आकडी नंबर, असं काही डायल करायला सांगितलं, तर ते तुमचे येणारे कॉल त्या नंबरकडे वळवण्यासाठी असतं. मग बँकेचा फोनवरून येणारा ओटीपीही तिकडेच ऐकला जातो. असं काही चुकून दाबलं गेलं असेल तर *#21# डायल करून कॉल वळवलेले आहेत का ते पाहता येतं, आणि ##002# डायल केलं की वळवलेलं सगळं रद्द होतं. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन करा. पैसे गेले नाहीत पण फोन संशयास्पद होता, तर संचार साथीच्या संकेतस्थळावर 'चक्षू' नावाच्या विभागात तक्रार नोंदवता येते. 'चुकून आलेले' पैसे आपण होऊन परत पाठवायचे नाहीत. आधी आपलं खातं तपासायचं, आणि खरंच आले असतील तर ज्याने पाठवले त्याने आपल्या बँकेमार्फत मागावेत.

तुमच्या आजींनी यातलं काय मागितलं? चार फोनांत फक्त मल्लिनाथ.

ब्लॉक करण्यालाही एक अडचण आहे. ब्लॉक केलेल्या माणसाला 'तुम्हाला ब्लॉक केलंय' असं ऐकू येत नाही. बहुतेक वेळा फोन व्यस्त किंवा बंद असल्यासारखं वाटतं. आजींना वाटेल पोराचा फोन बंद पडला, आणि काळजी दुप्पट होईल. म्हणून माझा क्रम असा: पहिल्या फोनवर वरच्यासारखं नीट सांगा, तरीही दुसरा आला तर तेच सांगून घरातल्या वाचणाऱ्या माणसासाठी एक एसएमएस पाठवा, आणि त्यानंतरही येत राहिले तर खुशाल ब्लॉक करा. एसएमएस एवढाच: 'नमस्कार. हा नंबर मल्लिनाथ यांचा नाही. कृपया त्यांचा नंबर पुन्हा तपासून घ्या.' खाली नाव लिहू नका. गावाकडे एक फोन घरातली चार माणसं वापरतात, त्यातलं कोणीतरी तो वाचतंच.

मात्र फोन करणारा कोणी पुरुष असेल आणि 'फोन करू नका' असं स्पष्ट सांगूनही तुमच्याशीच बोलायला परत परत फोन करत असेल, तर तो चुकून आलेला फोन राहत नाही. नको म्हटल्यावरही बाईला असा वारंवार संपर्क करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलाग या गुन्ह्यात येतं. त्या वेळी पोलिसांचं नाव काढणं अगदी योग्य. कॉल्सची यादी पुसू नका, तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक वेगळा प्रकार. तुमच्याकडे सात वर्षं तोच नंबर आहे आणि विचारणारी बाई एकच आहे, म्हणून तुमच्याबाबतीत चूक कागदातली किंवा फोनात टाकतानाची. पण सिम नवीन असेल, आणि वेगवेगळी माणसं एकाच नावाने विचारत असतील, तर तुमचा नंबर आधी त्या माणसाचा होता. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. अशा वेळी 'तुमच्याकडचा नंबर चुकीचा आहे' हे खरं नसतं, आणि ते ऐकून लोक वाद घालतात, कारण गेल्या वर्षीपर्यंत त्याच नंबरावर ते बोललेले असतात. 'हा नंबर आता माझ्याकडे आलाय, त्यांचा नवीन नंबर त्यांच्या घरच्यांकडून घ्या' असं सांगा. त्या जुन्या मालकाच्या नावाने ओटीपी किंवा बँकेचे संदेश आले तर ते कोणालाही वाचून दाखवू नका, स्वतःला तोच मालक म्हणवणाऱ्यालाही नाही. आणि वेगवेगळी माणसं एकाच दुकानाला किंवा दवाखान्याला विचारत असतील, तर कुठल्यातरी पाटीवर किंवा पत्रिकेवर तुमचा नंबर छापला गेलाय. तिथे फोन करणाऱ्यालाच 'तुम्हाला हा नंबर कुठे दिसला?' असं विचारा, आणि त्या दुकानदाराला गाठून पाटी दुरुस्त करून घ्या. एकेकाला समजावत बसलात तर आयुष्य पुरणार नाही.

राहिली तुमची चुटपुट. आजींना एकदा फोन करा. दुपारी नको, तेव्हा त्या एकट्या असतील. संध्याकाळी सातनंतर, नातवंडं शाळेतून आलेली असतात तेव्हा. यजमानांना शेजारी बसवा आणि स्पीकर लावा, म्हणजे त्यांचीही खात्री होईल. 'आजी, त्या दिवशी मी ओरडले, चुकलं माझं. मल्लिनाथचा म्हणून जो नंबर तुम्ही लावता तो माझा आहे, त्याचा नाही. जरा घरात वाचणाऱ्या कोणाकडे फोन द्या.' पुढचं वर लिहिलंच आहे. फोन झाला की तो नंबर 'चुकून येतो, आजी, मल्लिनाथ' या नावाने साठवून ठेवा. सवयीने त्यांचं बोट पुन्हा तिथेच गेलं आणि तुमच्या घरात दुसऱ्या कोणी फोन उचलला, तर काय म्हणायचं ते त्यालाही कळेल.